पनीर पकोडे आणि कोळंबी एकाच तेलात? हॉटेलला लिहिलेलं पत्र

पंचवटीची लेक:
गेल्या आठवड्यात मी एका हॉटेलला पाठवलेलं पत्र असं होतं.

"नमस्कार. आम्ही शाकाहारी आहोत आणि आईला घेऊन महिन्यातून एकदा तरी तुमच्याकडे जेवायला येतो. शनिवारी रात्री आईने पनीर पकोडे मागवले. पहिला घास घेताच ती म्हणाली, याला मासळीचा वास येतोय. वेटर म्हणाला, काकू, प्युअर व्हेज आहे. तुमच्या मेनूत कोळंबी कोळीवाडा आहे म्हणून विचारते: पकोडे, पापड आणि कोळंबी एकाच तेलात तळता का? हो असेल तरी माझी तक्रार नाही, फक्त खरं सांगा."

उत्तर आलं: "आम्ही स्वच्छतेची पूर्ण काळजी घेतो." याला उत्तर म्हणायचं का? माझं विचारणं चुकलं का?

नाशिकरोडचा खवय्या:
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या हॉटेलच्या पाटीवर 'व्हेज-नॉनव्हेज' लिहिलंय तिथे पायरी चढतानाच आपण थोडं मान्य केलेलं असतं. नाशकात शुद्ध शाकाहारी हॉटेलांचा तुटवडा आहे का? कॉलेज रोडला पावलापावलावर आहेत. मी मासे खाणारा माणूस आहे. उद्या मी शाकाहारी हॉटेलात जाऊन 'माझ्यासाठी बांगडा का नाही' असं विचारलं तर चालेल का? त्या मालकाकडे चार फुटांचा ओटा असेल. प्रत्येकाच्या श्रद्धेसाठी वेगळी कढई तो कुठे ठेवणार?

मुदपाकातला माणूस:
खवय्ये, ताईंनी कढई मागितलेली नाही, माहिती मागितली आहे. या दोन गोष्टींत फार फरक आहे. अठरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत, त्यातली बरीचशी तळणाच्या भट्टीपाशी. म्हणून तेलाचा एक दिवस कसा जातो ते सांगतो.

सकाळी कढईत सहा लिटर तेल पडतं. दुपारी पापड, भजी, मंच्युरियनचे गोळे. तोपर्यंत बहुधा शाकाहारीच तळण असतं, कारण कोळंबीची ऑर्डर संध्याकाळी येते. बरेच कॅप्टन याच भरवशावर सांगतात, "दुपारी या, तेल व्हेजचं असतं." पण रात्री किचन बंद करताना ते तेल कोणी फेकत नाही. गाळणीवर कापड टाकून गाळतात आणि डब्यात भरून ठेवतात. सहा लिटरमधलं साधारण साडेचार लिटर उरतं, बाकीचं पदार्थांनी पिऊन टाकलेलं असतं. सकाळी तेच साडेचार लिटर कढईत जातं आणि वर दीड लिटर नवं. म्हणजे आजच्या दुपारच्या भज्यांच्या तेलात चारातले तीन हिस्से कालच्या रात्रीचे. समजा आज कोळंबी अजिबात तळली नाही, तरी उद्या सकाळी त्या जुन्या तेलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग कढईत असतोच. चार दिवस असेच गेले तरी जवळपास तिसरा हिस्सा उरतो. पूर्ण कढई रिकामी करून, घासून, नवा डबा फोडेपर्यंत हे संपत नाही.

म्हणून 'एकाच तेलात तळता का' या प्रश्नाला वेटर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो. त्याच्या डोळ्यांसमोर कोळंबी आणि पकोडा एकत्र पडलेले नसतात. खरा प्रश्न असा विचारायचा: रात्री गाळलेलं तेल सकाळी कुठे जातं?

वकीलवाडीचा विज्ञानप्रेमी:
तेल 170–180 अंशांवर असतं. त्या तापमानाला सगळं निर्जंतुक होतं, काहीच शिल्लक राहत नाही. वास राहिला म्हणजे पदार्थ राहिला असं नाही. हा सगळा मनाचा खेळ आहे.

इंदिरानगरची वहिनी:
दादा, जंतूंबद्दल तुमचं खरं आहे, पण 'काहीच शिल्लक राहत नाही' हे मला पटणार नाही. माझ्या नणंदेला कोळंबीची ॲलर्जी आहे. तीन वर्षांपूर्वी तिने एका ठिकाणी फक्त बटाट्याचे फिंगर चिप्स खाल्ले. कोळंबीला हातही लावला नव्हता. वीस मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग श्वास लागायला लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर उतरलं. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं की तळणाचं तेल एकच होतं का. त्यांनी समजावलं की कोळंबीतल्या ज्या प्रथिनामुळे हे होतं, ते ट्रोपोमायोसिन, उष्णतेने नष्ट होत नाही. तळलं, उकडलं तरी टिकतं. आमच्या घरात मासे होतात, हा शाकाहाराचा प्रश्नच नाही. तरी प्रश्न तोच, आणि आम्हाला चुकीचं उत्तर मिळालं तर भुर्दंड जिवावर बेततो.

मुदपाकातला माणूस:
वहिनींनी सांगितलं ते कढईच्या तळाशी डोळ्यांनी दिसतं. ओली कोळंबी तेलात पडली की पाणी तडतडून बाहेर येतं आणि सोबत पिठाचे, मांसाचे बारीक कण सुटतात. मोठे कण झाऱ्याने निघतात, मधले तळाशी बसून काळे पडतात. अगदी बारीक असतात ते कापडातूनही पार होतात आणि पुढच्या घाण्यात पकोड्याला चिकटतात. कोळंबीचं पकोड्यात जातं ते असं. वास तर त्याआधीच तेलात मुरलेला असतो.

सातपूरचा आजोबा:
हॉटेलवाले काळं झालेलं तेल आठ-आठ दिवस वापरतात, हा खरा मुद्दा आहे. त्यासाठी कायदा आहे. तेलाची तपासणी व्हायला हवी. व्हेज-नॉनव्हेज नंतर बघू.

मुदपाकातला माणूस:
आजोबा, कायदा आहे. तेल तापून तापून त्यात तयार होणारी पोलर संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम 2018 च्या जुलैपासून लागू आहे. मोजायला हातात धरायचं यंत्रही मिळतं. पण ते तेल किती जळालंय हे सांगतं, त्यात काय तळलंय हे नाही. दुपारी नवं ओतलेलं, सोन्यासारखं पिवळं तेल कोळंबीचं असू शकतं, आणि काळंकुट्ट तेल फक्त बटाटेवड्यांचं. रंगावर जाऊ नका.

अंबडचा हॉटेलवाला:
माझं छोटं हॉटेल आहे, बत्तीस माणसांची बैठक. खवय्येंची बाजू मला कळते. दुसरी कढई म्हणजे नुसतं भांडं नव्हे. आणखी एक भट्टी, आणखी सहा लिटर तेल दिवसभर गरम ठेवायचं, दुसरा झारा, दुसरी परात, आणि शनिवारी रात्री साडेआठला घामाघूम झालेल्या पोराने चुकूनही झारा बदलायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी दोन वर्षांपूर्वी वेगळं केलं. आठच दिवसांत पाहिलं की कढया दोन, पण घोळाचं पातेलं एकच. ज्या कॉर्नफ्लोअर-मैद्याच्या घोळात कोळंबी बुडवायचे त्यातच गोबी. मग तेल वेगळं करून काय उपयोग? पातेल्यांना रंगीत पट्ट्या लावल्या, तरी महिन्यातून एखादी चूक पकडतोच. म्हणून मी कोणाला 'शंभर टक्के' असं म्हणत नाही. पण "स्वच्छतेची काळजी घेतो" हे उत्तर मीही दिलं नसतं. प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच.

नाशिकरोडचा खवय्या:
हॉटेलवाले दादा, तुम्ही स्वतःच म्हणता की शंभर टक्के होत नाही. मग ग्राहकाने विचारून काय मिळवलं? खरं उत्तर दिलं तर ते गिऱ्हाईक गेलंच. मालक लपवणार नाही तर काय करणार? दोष एकट्या हॉटेलचा कसा?

पंचवटीची लेक:
दादा, माझी आई वारकरी आहे, गळ्यात माळ आहे. एकादशीला कोपऱ्यावरचा साबुदाणावड्याचा गाडीवाला स्वतःहून सांगतो, "काकू, ही उपवासाची कढई वेगळी आहे, ती भज्यांची." त्याची गाडी हातभर लांबीची आहे. कढई एकच असती तर त्याने तेही सांगितलं असतं, असा आईला त्याच्यावर विश्वास आहे. तो विश्वास मी या हॉटेलकडे मागितला. 'एकच तेल आहे' असं कळलं असतं तर आम्ही तिथेच बसून तंदुरी रोटी आणि भाजी खाल्ली असती. गिऱ्हाईक गेलं नसतं.

वकीलवाडीचा विज्ञानप्रेमी:
प्रथिनाचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण वास आला म्हणजे तेल एकच, हे तरी सिद्ध होतं का? शेजारच्या कढईची वाफही पकोड्याला लागू शकते.

मुदपाकातला माणूस:
बरोबर. नुसत्या वासावरून निकाल देऊ नका, आणि वास नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. मी असलो तर आधी साधा पापड मागवेन. त्यात पकोड्याइतका मसाला नाही, घोळ नाही, आणि तो तेल भरपूर पितो. तेलात जे आहे ते पापड लपवत नाही. पकोड्यात आलं-लसूण, ओवा असतो, त्यात बरंच झाकलं जातं. तुमच्या आईंनी पकोड्यातही ओळखलं, तर तेलात बऱ्यापैकी मुरलेलं असणार असा माझा कयास आहे. पुरावा म्हणणार नाही.

आणखी एक. मोठ्या हॉटेलात कॅप्टन म्हणेल, "आमच्याकडे दोन फ्रायर आहेत." कढईच्या जागी बऱ्याचदा एक टाकी आणि दोन जाळ्या असतात. डावीकडची जाळी व्हेजची, उजवीकडची नॉनव्हेजची, आणि खाली तेल एकच. तेव्हा जाळ्या मोजू नका. टाक्या किती, हे विचारा.

पंचवटीची लेक:
काल संध्याकाळी पुन्हा गेले, एकटीच. मॅनेजरना तुमच्याच शब्दांत विचारलं: रात्री गाळलेलं तेल सकाळी कुठे जातं? ते क्षणभर थांबले. मग मला किचनच्या दारापाशी नेलं आणि वस्तादांना बोलावलं. टाकी एकच आहे. वस्ताद म्हणाले, "ताई, पत्र आमच्यापर्यंत आलंच नाही. आलं असतं तर सांगितलं असतं." पापडही त्याच तेलात. तंदूर वेगळा आहे.

मॅनेजर मेनूत तळणाच्या पदार्थांखाली तशी ओळ छापणार आहेत म्हणाले. छापतील तेव्हा कळेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, चल, रोटी-भाजी खायला जाऊ.

मुदपाकातला माणूस:
तुम्ही वस्तादांपर्यंत पोहोचलात, हे चांगलं झालं. पण जाण्याआधी एक विचारा. डाळीला आणि भाजीला फोडणी कुठल्या तेलाची? मी पाहिलेल्या बऱ्याच किचनमध्ये गाळलेल्या डब्यातलं तेल तळणात न मावलं की ग्रेव्हीच्या पातेल्यात जातं. तुमच्या त्या हॉटेलात जातं की नाही, हे वस्तादच सांगू शकतील.

पंचवटीची लेक:
हे मी विचारलं नव्हतं. मॅनेजरना आत्ता मेसेज केला आहे.