आठवा-नववा महिना : कंबर, जांघेतलं हाड दुखणं आणि बेल्ट. अनुभव लिहा

मृण्मयी_के: मला ३३वा आठवडा चालूये. कंबर दुखते ते ठीके, पण खरा त्रास पुढे, जांघेच्या मधोमध जे हाड आहे तिथे. रात्री कूस बदलताना अशी कळ येते की नवरा उठून बसतो, आणि सलवार घालायला एक पाय उचलला की संपलंच. डॉक्टर म्हणाल्या होतं असं. बेल्ट घ्यावा का, झोपायचं कसं, ज्यांना झालंय त्यांनी लिहा प्लीज.

शिल्पा७८: बेल्ट घेच! माझ्या आईने सव्वा महिना पट्टा बांधायला लावला, पोट मस्त आत गेलं.

मृण्मयी_के: ताई तो डिलिव्हरीनंतरचा, मी आत्ताचं विचारतेय 😅

गौरी_फिजिओ: मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतःलाही दुसऱ्या वेळी झालं होतं. एका पायावर भार आला की दुखतं, म्हणजे जिना, सलवार, रिक्षात चढणं, तर ते बहुतेक कंबरेच्या कण्याचं नसून खालच्या हाडांच्या सांध्यांचं असतं, कारण या दिवसांत ते सांधे सैल पडतात. बेल्ट दोन प्रकारचे मिळतात. रुंद असतो तो पोट खालून उचलून धरतो, वजनाने कंबर ओढली जाते त्यांना बरा वाटतो. तुला अरुंद, न ताणणारा बघ. तो पोटावर नाही, पोटाच्या खाली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर हाताला हाड लागतं ना, त्याच्या किंचित वरून फिरवून पुढे त्या दुखऱ्या हाडावर आणायचा. दुकानात बांधून चालून बघ, आडवी पडून एक पाय सरळ ठेवून जरा उचलून बघ. बेल्टने पाय हलका वाटला तर घे, फरक नसेल तर पैसे वाचले. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, अभ्यासही उलटसुलट आहेत. चालताना, ओट्याशी उभं राहताना घालायचा, बसताना-झोपताना काढायचा.

नेहा_पुणे: मी बेल्ट ऑनलाइन मागवला आणि पोटावर घट्ट बांधून दिवसभर फिरले, जळजळ वाढली, दम लागायला लागला, काढून ठेवला. आता वाचून कळतंय तो बांधायचा कुठे होता.

अनघा_ठाणे: झोपायचं फक्त डाव्या कुशीवर हं, उजव्या कुशीवर बाळाला रक्त पोचत नाही.

गौरी_फिजिओ: अनघाताई, अर्धं बरोबर. शेवटच्या तीन महिन्यांत झोपायला जाताना पाठीवर नको, कुशीवर झोपायचं, पण उजवी कूसही चालते. जाग आल्यावर पाठीवर असलात तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं. डाव्या बाजूलाच पडून तोच खुबा ठणकवून घेणाऱ्या खूप जणी बघते मी.
मृण्मयी, वळताना असं कर. दोन्ही गुडघे वाकव, मध्ये उशी घट्ट दाबून धर, मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळव. एक पाय आधी आणि दुसरा मागून असं केलं की ती कळ येते. उशी घोट्यांपर्यंत पोचेल इतकी लांब हवी. गुळगुळीत कापडाचा गाऊन घातलास तर अंग सरकतं. सलवार बसून घालायची, गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय जोडून बाहेर.

मृण्मयी_के: आत्ताच पडून करून बघितलं, कळ आली पण निम्मीच! जिन्याचं काय, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

गौरी_फिजिओ: एकेक पायरी, कठडा धरून. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. आणि फेऱ्याच कमी कर, खालची कामं एकदम.

वर्षा_नाशिक: आमच्याकडे सासूबाई म्हणतात बसून फरशी पुसली की नॉर्मल होते. मी पुसली आणि झाली नॉर्मल.

गौरी_फिजिओ: पाय फाकवून उकिडवं बसल्यावर हिच्या त्या हाडाला ताण पडेल. दुखत नसेल तिने पुसावी की. हिला आराम हवा असेल तर हात-गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत थोडा वेळ, पोट खाली सोडून, तेही गुडघे फार न फाकवता.

केतकी_आर: एक सांगते, मलाही वाटलं रोजचंच कंबरदुखी. पण ते थांबून थांबून यायचं, पोट दगडासारखं व्हायचं आणि परत सैल. ३५व्या आठवड्यात होते, गेले तर कळाच सुरू झालेल्या. अंगावरून रक्त किंवा पाणी, ताप, लघवीला जळजळ, बाळ कमी हलतंय, मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय असं काही असलं तर बेल्ट शोधत बसू नका, लगेच जा.

नेहा_पुणे: पेनकिलर चालते का गं?

केतकी_आर: माझ्या डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं होतं, आयबुप्रोफेन वगैरे या दिवसांत अजिबात नको म्हणाल्या. तुझ्यांना विचारूनच घे.

वर्षा_नाशिक: बाळंतपणानंतर जातं का हे सगळं?

शिल्पा७८: माझं लगेच गेलं.

नेहा_पुणे: माझ्या जावेचं बाळ रांगायला लागलं तरी तिचं पूर्ण गेलेलं नव्हतं. मृण्मयी, बेल्ट घेतलास की लिही कुठला घेतलास, मला परत एकदा नीट बांधून बघायचाय.