बारावी जागा : संघनिवडीचं पालकांना लिहिलेलं पत्र चुकलं का?

मैदानमास्तर : आमच्या खो-खोच्या 14 वर्षांखालच्या मुलींच्या संघाची निवड झाली. मुली 31, जागा 12. निवड कशी केली हे सांगणारं पत्र पालकांना दिलं, तर शांत व्हायचं सोडून दोन घरं जास्तच तापली. मजकूर खाली देतोय. चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगा.

*"पालकांस नमस्कार. एका वेळी नऊ मुली खेळतात, तीन राखीव असतात. चार सराव सामने खेळवले आणि प्रत्येकीची पळती, टिपलेले गडी आणि फाउल वहीत लिहिले. सात मुली पळतीवर घेतल्या, तिघी चपळ आक्रमणासाठी आणि दोघी खांबावर खेळणाऱ्या. बाराव्या जागेसाठी दोघींत चुरस होती. एकीची सरासरी पळती 55 सेकंद, दुसरीची 38. मी 38 वाली घेतली, कारण तिने खांबाजवळ सहा गडी टिपले आणि तोवर खांबावरची आपल्याकडे एकच होती. सरावाची हजेरी 80 टक्क्यांच्या खाली असलेल्यांचा विचार केलेला नाही. राग असेल तर मला भेटा, मुलीला बोलू नका."*

घड्याळवाले काका : पत्र चांगलं आहे, निवड चुकली. 55 आणि 38 हे तुम्हीच लिहिलंत. सतरा सेकंद म्हणजे खो-खोत काय असतं हे तुम्हाला मी सांगायचं? घड्याळ कुणाची आत्या नाही की मावशी नाही. जी जास्त पळते ती घ्यायची, विषय संपला.

जुनी खेळाडू : काका, घड्याळाला नाती नसतात हे खरं, पण ते कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं हे माणूसच ठरवतो. मास्तर, एक विचारते. पळती कुठून मोजलीत? तुकडी मैदानात उतरल्यापासून, की आधीची मुलगी बाद झाल्यापासून?

मैदानमास्तर : आधीची बाद झाल्यापासून. गुणपत्रकात लिहितो तसंच.

जुनी खेळाडू : मग तुमची वही तिथेच फसवते. तिघींची तुकडी आत आली असं समजा. पहिली 50 सेकंदांना बाद, दुसरी 1 मिनिट 20 ला, तिसरी अडीच मिनिटांना. वहीत पडलं 50, 30 आणि 70. पण ती "30 सेकंदवाली" मैदानात 80 सेकंद होती. पहिल्या 50 सेकंदांत आक्रमण तिच्याच मागे होतं, तिने चौकाचौकातून हुलकावण्या देऊन त्यांचा दम काढला आणि मग चुकून समोर आलेली पहिलीच टिपली गेली, असंही झालेलं असू शकतं. तो कष्टाचा वेळ वहीत पहिल्या मुलीच्या नावावर जमा. उलट 70 वाली त्या पहिल्या 80 सेकंदांत लांब खांबापाशी उभी राहून श्वास घेत असेल. गुणपत्रकासाठी ही मोजणी बरोबर आहे. निवडीसाठी अर्धी आहे. शेजारी कुणाला तरी बसवून "आक्रमण कुणाच्या मागे होतं" एवढं लिहायला लावायचं.

घड्याळवाले काका : पण शेवटी का उरली? अवघड होती म्हणूनच ना तिला मागे ठेवली! सोपा घास आधी खातात.

जुनी खेळाडू : हाही अर्थ निघतो, आणि तो चूक आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की 55 या आकड्यावरून दोन्ही कळत नाही. मास्तरांनी वही उघडून बघावं.

मैदानमास्तर : आत्ता बघितली. चारपैकी तीन सामन्यांत ती तुकडीत शेवटी उरलेली आहे. का उरली ते मला आठवत नाही, खरं सांगतो. 38 वाली दोनदा दुसरी बाद, दोनदा पहिली.

ठाणेकर बाबा : आमच्या मुलाचं क्रिकेटमध्ये हेच झालं. अकादमीत तीन वर्षं फी भरली, नेटमध्ये रोज दोन तास, आणि निवडीच्या दिवशी सहा चेंडू खेळायला दिले. सहा! पत्र वगैरे काही नाही, यादी भिंतीवर. फी घेताना मात्र सगळे गोड. तुमच्याकडे फी किती आहे?

मैदानमास्तर : फी नाही हो. शाळेचं मैदान आहे, चुना आम्हीच टाकतो.

खांबाखालचा : सगळे पळतीवरच भांडताय. मास्तरांनी खांबाचा मुद्दा पत्रात एका ओळीत उरकला, चूक झाली असेल तर ती तिथे. पालकाला कळायला हवं की खांबावर दोघी का लागतात. आक्रमकाला मध्येच मागे वळता येत नाही, दिशा बदलायला खांब गाठावा लागतो. पळणारी मुलगी साखळी खेळत खांबाशी वळते तेव्हाच ती सगळ्यात जवळ येते आणि खांबावरून सूर मारणारी तिला तिथे टिपते. आता तुमच्याकडे अशी एकच असेल, तर समोरच्या संघाची हुशार मुलगी दोन फेऱ्यांत ओळखते की कुठला खांब सुरक्षित आहे. मग ती सगळी वळणं त्याच बाजूला घेते आणि तुमची खांबवाली दुसऱ्या टोकाला बसून राहते. म्हणजे एक असणं आणि एकही नसणं जवळपास सारखंच. हे दोन वाक्यांत लिहिलं असतंत तर 55 आणि 38 लिहायची गरजच नव्हती. आकडे शेजारी ठेवलेत की लोक वजाबाकी करणारच.

घड्याळवाले काका : हे पटलं. पण मग आठवी पळणारी म्हणून ती 55 वाली घ्या आणि त्या तीन चपळांतली एक कमी करा. ती शक्यता पत्रात आलीच नाही.

खांबाखालचा : यावर माझ्याकडे उत्तर नाही. मास्तरांनी द्यावं.

एसटीची वाट बघणारी : मला हजेरीबद्दल बोलायचंय. 80 टक्के कुठून काढलेत? आमच्या वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलींची शेवटची गाडी सहाला. सराव साडेपाचला सुरू. माझी पुतणी आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या तासात निघते आणि ती तुमच्या वहीत गैरहजर लागते. तिची पळती किती हे कुणी बघितलंच नाही, कारण ती चाळणीतच अडकली. गावातल्या मुलींना चालत घरी जाता येतं, त्यांची हजेरी शंभर टक्के. ही काय खेळातली गुणवत्ता झाली?

जुनी खेळाडू : हजेरी अगदी सोडून चालणार नाही. खो देणं हा अंगवळणी पडायचा प्रकार आहे. शेजारणीचा आवाज, तिचा हात, कुणाला कधी उठवायचं, हे सगळ्या एकत्र बसल्याशिवाय जमत नाही आणि फाउल तिथेच होतात. पण अर्धा तास आलेल्या मुलीला गैरहजर लावणं मलाही पटत नाही.

मैदानमास्तर : अशा किती मुली बाहेर राहिल्या ते मोजलं. चार. त्यांना एकाही सराव सामन्यात उतरवलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रवेशिका गेली आहे, यावेळी नावं बदलता येणार नाहीत. पुढच्या निवडीचे सामने शनिवारी सकाळी घेईन म्हणतो, तेव्हा गाड्या असतात. आणि काका, तिन्ही चपळ मुलींचे मिळून चार सामन्यांत दोनच फाउल होते, म्हणून एकीला काढायचं धाडस झालं नाही. चूकही असेल.

घड्याळवाले काका : हे पत्रात का नाही लिहिलं मग?

मैदानमास्तर : कागद एका पानाचा होता.

एसटीची वाट बघणारी : शनिवारी सकाळी पहिली गाडी पावणेनऊला पोचते. सामना आठला ठेवू नका.