टेपर शाफ्टचा पीळ: सरासरी व्यास धरला तर बिघडलं कुठे?

गाळा नंबर सात (वागळे इस्टेट): टेस्टिंगच्या जिगसाठी टेपर शाफ्ट केलाय. बारीक टोक ४० मिमी, जाड टोक ६०, टेपरची लांबी ८००, साधं एमएस, भरीव. जाड टोक चकात, बारीक टोकाला १००० न्यूटन-मीटर टॉर्क. बारीक टोकाशी बसवलेल्या ३०० मिमीच्या हातावर डायल ५.९ मिमी दाखवतोय. मी ५० व्यास धरून काढलं तर ४.९ येतं. साहेब म्हणतात माल हलका आलाय, परत पाठवा. फोरमन म्हणतो सरासरी व्यास धरायचाच नसतो. खरं कोण?

रबाळेकर: फोरमनला सांगा, पुस्तकं कपाटात ठेव. तीस वर्षं लेथवर आहे, सरासरी व्यासाशिवाय दुसरं काही धरलं नाही. शाफ्ट मोडतो तो बारीक टोकाला, तेवढं तपासायचं. चाळीसला तुमच्या टॉर्कवर शिअर साधारण ८० न्यूटन प्रति चौरस मिमी येतो, एमएसला काही होत नाही. पीळ एक मिमी इकडे की तिकडे, विचारतं कोण? माझा संशय मालावरच आहे. हल्ली बार कसले येतात ते सगळ्यांना माहीत आहे.

तुर्भे टूलरूम: काका, मोडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण त्यांनी मोडण्याचं विचारलेलंच नाही, पिळाचं विचारलंय.

आधी मालाचा निकाल लावू, कारण तो एका ओळीत लागतो. ५० व्यासाचा हिशेब बरोबर मानायचा आणि ५.९ चं खापर मालावर फोडायचं, तर त्या स्टीलचा G, म्हणजे पिळाला नमतं न घेण्याचा मालाचा कडकपणा, साधारण ६६ हजार न्यूटन प्रति चौरस मिमी निघायला हवा. स्टील कितीही भिकार असो, G ८० हजाराच्या आसपासच राहतो. कार्बन कमी असेल, हार्डनेस नसेल, तर ते लवकर वाकेल, लवकर झिजेल, पण लवचिक मर्यादेत पीळ तेवढाच खाईल. साहेबांनी बार परत पाठवला तर पुढच्या बारवरही डायल हेच दाखवणार.

आता सरासरीचं. गाळेवाले दादा, सरासरी काढली हे ठीक, पण कशाची? तुमच्याच मापांवर तीन जण तीन सरासऱ्या काढतील. व्यासाची काढली तर डायलवर ४.९. दोन्ही टोकांचे J, म्हणजे व्यासाच्या चौथ्या घातावरून निघणारा पिळाच्या हिशेबातला आकडा, काढून त्यांची सरासरी धरली तर ३.९. अख्खा शाफ्ट ४० चा आणि अख्खा शाफ्ट ६० चा असे दोन पीळ काढून त्यांची सरासरी केली तर ७.१. तिघंही छाती ठोकून ‘सरासरी’ म्हणणार. खरा आकडा ५.६ आहे.

असं होतं कारण पीळ व्यासाच्या चौथ्या घाताने पळतो. ६० ला ४० ने भागलं की दीड, आणि दीडचा चौथा घात पाचाच्या वर जातो. म्हणजे बारीक टोकाजवळचा एक मिमी जाड टोकाजवळच्या एका मिमीच्या पाचपट पिळतो. शाफ्टचे मधोमध दोन भाग केले तर ४० ते ५० या अर्ध्यात एकूण पिळातला ६९ टक्के पीळ बसतो, उरलेल्या अर्ध्यात ३१. ५० व्यास धरला की बारीक भागाचं हे जास्तीचं पिळणं हिशेबातून गळतं, आणि जाड भाग जेवढं वाचवतो त्याने ते भरून निघत नाही. म्हणून सरासरी व्यासाचं उत्तर नेहमी कमीच येतं, कधीही जास्त नाही.

कळव्याचा डिप्लोमावाला: सोपा उपाय सांगू? ईएन२४ वापरा. एमएसपेक्षा कितीतरी मजबूत, पीळ आपोआप कमी होईल.

तुर्भे टूलरूम: नाही होणार भाऊ. वरचंच कारण, G तोच. ईएन२४ जास्त टॉर्क सोसेल, पण याच १००० वर तेवढंच पिळेल. पीळ कमी हवा असेल तर बारीक टोक जाड करा.

वाशीचा खटपट्या: माझ्याकडे असंच झालं होतं. ड्रिलचा टेपर शँक बाहीत फिरायचा, टँग चेपला गेला. शेवटी बाही बदलली तेव्हा थांबलं. तुम्हीही टेपर निळं लावून तपासा, पूर्ण टेकतोय का.

गाळा नंबर सात: दादा, आमचा टेपर कशात बसवलेला नाही. उघडाच आहे, दोन टोकांच्या मध्ये.

ऐरोलीकर मॅडम: मी पॉलिटेक्निकला शिकवते. तुर्भेवाल्यांनी उत्तर दिलं, वाट दाखवली नाही. आणि ही वाट अवघड मुळीच नाही. छोट्या चकतीचा पीळ घ्या, व्यास सरळ रेषेत बदलतो असं लिहा, लांबीभर बेरीज करा. निघतं ते असं:

```
θ = 32·T·L·(d1² + d1·d2 + d2²) / (3·π·G·d1³·d2³)
```

T टॉर्क, L लांबी, d1 बारीक आणि d2 जाड टोक. टॉर्क न्यूटन-मिमीत आणि G ८० हजार धरून तुमचे आकडे घातले की ०.०१८६७ रेडियन, म्हणजे १.०७ अंश. गुणिले ३००, म्हणजे ५.६ मिमी. सूत्र हाताशी असताना सरासऱ्यांच्या वाटेला जायचंच कशाला? विद्यार्थ्यांनी सरासरी व्यास धरला तर मी अर्धे मार्क कापते.

रबाळेकर: मॅडम, तुमच्या वर्गात शाफ्टवर खांदे नसतात, आमच्याकडे असतात. कुठे १० मिमी सरळ, मग टेपर, मग अंडरकट. तुमचं सूत्र तिथे कुठे घालू?

ऐरोलीकर मॅडम: तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचा पीळ वेगळा काढा आणि बेरीज करा. टॉर्क सगळीकडे तोच आहे, मग अडचण काय? अडचण येईल ती मध्येच कुठे पुली किंवा गिअर बसवला असेल तर, कारण मग दोन्ही बाजूंचा टॉर्क वेगळा.

तुर्भे टूलरूम: मॅडमचं सूत्र बरोबर, वाद नाही. पण काकांच्या हातात कागद-पेन्सिल आहे, आणि हे सूत्र एकदा विसरलं की विसरलं. गाळ्यात मी असं करतो: तीन सरळ शाफ्ट मानायचे, एक ४० चा, एक ५० चा, एक ६० चा. तिघांचं डायलवरचं उत्तर अनुक्रमे ११.९४, ४.८९ आणि २.३६. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा. ५.६४ येतं, खऱ्यापेक्षा पाऊण टक्काच जास्त. आणि टेपर सरळ नसून बाक घेतलेला असेल तर मॅडमचं सूत्र लागूच होत नाही. माझं तेव्हाही चालतं, मधला व्यास मात्र मोजून घ्यावा लागतो.

ऐरोलीकर मॅडम: हा सिम्प्सनचा नियमच आहे, त्याला जुगाडासारखं मांडू नका! आणि त्यालाही मर्यादा आहे. जाड टोक बारकाच्या दुप्पट असेल तर तुमच्या तीन व्यासांनी उत्तर सहा टक्के जास्त येतं. तिथे पाच व्यास घ्यावे लागतील.

तुर्भे टूलरूम: मान्य. पण तिथेच काकांचा सरासरी व्यास ३२ टक्के कमी दाखवतो.

रबाळेकर: आणि ५० ते ५५ असा टेपर असला तर?

तुर्भे टूलरूम: तर पाऊण टक्का कमी. तेवढ्यासाठी मीही सूत्र काढणार नाही. काका, तुम्ही तीस वर्षं चुकला नाहीत याचं कारण तुमचे टेपर दहा टक्क्यांच्या आतले असणार.

रबाळेकर: म्हणजे मी बरोबरच होतो.

ऐरोलीकर मॅडम: योगायोगाने.

गाळा नंबर सात: भांडू नका हो 🙏 ५.६ समजलं. पण डायलवर ५.९ आहे. वरचे ०.३ कुठून आले? फोरमन आता माझ्याकडे बघून हसतोय.

तुर्भे टूलरूम: दोन गोष्टी बघा. पहिली, बारीक टोक खरंच ४० आहे का? ड्रॉइंगवरचं सांगू नका, मायक्रोमीटर लावा. दुसरी, जाड टोक खरंच जागचं हलत नाही का? तेवढाच हात चकाला लागून जाड टोकावर बसवा, त्यालाही डायल लावा आणि दोन्ही रीडिंगची वजाबाकी करा. चक आणि स्पिंडल स्वतः थोडे पिळतात, ते तुमच्या एकट्या डायलमध्ये मिसळलंय. टॉर्क काढल्यावर डायल शून्यावर येतो का तेही बघा. नाही आला तर जॉ घसरले. आला तर घसरलं काही नाही, चकच लवचिकपणे फिरतोय.

आणि टॉर्क लांब पान्याला वजन टांगून देत असाल तर बारीक टोकाला स्टेडी आहे ना? नसेल तर शाफ्ट वाकतोही, आणि हात कुठल्या बाजूला आहे त्यावर ते वाकणं डायलमध्ये मिळवलं किंवा वजा होतं.

गाळा नंबर सात (दुसऱ्या दिवशी): स्टेडी होतीच. एक मीटरचा पाना, टोकाला १०२ किलो. बारीक टोक ३९.६ निघालं, पॉलिशवाल्याने हात जरा जास्तच चालवला. जाड टोक ६० बरोबर. टॉर्क काढला की दोन्ही डायल शून्यावर येतात. चकाजवळचा डायल ०.१२ दाखवतो, म्हणजे निव्वळ ५.७८.

तुर्भे टूलरूम: ३९.६ घालून सूत्र ५.७३ देतं. बघा, टोकाला फक्त ०.४ मिमी कमी, तर पीळ सव्वादोन टक्के वाढला. हेच ०.४ जाड टोकाकडून गेलं असतं तर त्याचा परिणाम याच्या साधारण निम्मा असता. उरला फरक ०.०५.

ऐरोलीकर मॅडम: तो ०.०५ G चा असणार. ८० हजार हा आपण धरलेला आकडा आहे, त्याच्या बारचा मोजलेला नव्हे. G एक टक्का कमी असेल तर एवढा फरक पडतोच.

तुर्भे टूलरूम: असेलही, किंवा हात जिथे क्लँप केलाय तिथली ढिलाई. त्याच बारचा सरळ तुकडा असेल तर पिळून बघा, G हाती येईल.

गाळा नंबर सात: तुकडा नाही उरला. साहेबांना ६६ हजारचा हिशेब दाखवला. म्हणाले, बरं, बार ठेवा, पण पॉलिशवाल्याचं बिल अडवा.

रबाळेकर: पॉलिशवाल्याला ड्रॉइंगवर टॉलरन्स दिला होता का?

गाळा नंबर सात: …बघून सांगतो.