टीव्हीवर अक्षर मागून उमटतं, मॉनिटर घ्यावा का? (बजेट ७ हजार)

लातूरची_मेघा
लॅपटॉपची स्क्रीन लहान पडते म्हणून घरच्या ३२ इंची टीव्हीला एचडीएमआय केबलनं जोडला. मी जीसीसी-टीबीसी मराठी ३० या टायपिंग परीक्षेची तयारी करतेय, धाकटा भाऊ पेन टॅबलेटवर Krita मध्ये चित्रं काढतो. टीव्हीवर माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो, की दाबली की अक्षर मागून येतं. परीक्षेचा वेग यानं मारला जाईल का? ७ हजारांच्या आत कोणता मॉनिटर घेऊ?

नांदेडी_गेमर
७ हजारात काही होत नाही. १८ घाल, १४४ हर्ट्झचा घे. मी घेतलाय, लोण्यासारखा चालतो. खोक्यावर १ एमएस लिहिलेलं बघ, म्हणजे लॅगचा विषयच संपला.

परभणीचे_काका
बाळा, हा नेटचा प्रश्न आहे. आमच्याकडे व्हिडिओ कॉलला आवाज मागून यायचा, फायबर घेतलं, बंद झालं.

लातूरची_मेघा
काका, नेट बंद करून नोटपॅडमध्ये टाइप केलं तरी तसंच होतंय.

टीव्ही_दुरुस्ती_संभाजीनगर
मेघाताई, काही घेण्याआधी मोजा. Windows + P दाबून Duplicate निवडा, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र येईल. ब्राउझरमध्ये मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा, लॅपटॉप टीव्हीला खेटून ठेवा आणि मोबाइलनं दोन्ही पडदे एकाच फोटोत घ्या. असे आठ-दहा फोटो काढा, आकडे पुसट आलेले सोडून द्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टीव्ही लॅपटॉपच्या पडद्यामागे किती आहे ते.

गेमरभाऊ, खोक्यावरचं १ एमएस म्हणजे ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो ते. चित्र आत आल्यापासून पडद्यावर येईपर्यंतचा वेळ वेगळा, आणि तो खोक्यावर सहसा छापत नाहीत. टीव्ही हलती दृश्यं गुळगुळीत करायला, दाणे पुसायला चित्रं थोपवून धरतो, तिथं उशीर होतो.

नांदेडी_गेमर
पण हर्ट्झ वाढले की लॅग कमी होतो, हे तरी खरं ना?

टीव्ही_दुरुस्ती_संभाजीनगर
अर्धं खरं. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं, १४४ ला ७ चं. पण टीव्हीनं आत पाच-सहा चित्रं थोपवली तर तो उशीर त्याहून कितीतरी मोठा.

बीडची_सुनंदा
टीव्ही मॉनिटरपेक्षा जास्त वीज खातो, हे कुणी बोललंच नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर काय चालवणार? मॉनिटरच घे.

लातूरची_मेघा
मोजलं. एका फोटोत लॅपटॉपवर ४८.७१६, टीव्हीवर ४८.८३३, म्हणजे ११७. बाकीचे फोटोही आसपासच. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये Game मोड लावला. लॅपटॉप १२.४५०, टीव्ही १२.४८३, फक्त ३३! माउस एकदम हलका झाला. रंग मात्र फिके वाटताहेत.

टीव्ही_दुरुस्ती_संभाजीनगर
रंग नंतर हातानं वाढवा. त्या एचडीएमआयला PC असं नाव देता येत असेल तर तेही करून बघा, काही टीव्हींवर त्यानं अक्षरांच्या कडाही स्वच्छ दिसतात.

आता परीक्षेचं. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात शब्दाला पाच दाब धरले तर दोन दाबांत ४०० मिलिसेकंद जातात. ११७ मागे असला तरी पुढचा दाब पडायच्या आत अक्षर दिसतं. शिवाय दाबलेली की संगणकाला वेळेवरच पोचते, फक्त चित्र उशिरा दिसतं, त्यामुळे वेग कापला जात नाही. त्रास होतो तो बॅकस्पेस धरून ठेवल्यावर. डोळ्याला दिसेपर्यंत तीन-चार अक्षरं जास्त खोडली जातात.

चित्राचं तसं नाही, तिथं हात डोळ्यावर चालतो. पडद्यावर कर्सर सेकंदाला २० सेंमी पळत असेल तर ११७ ला रेघ सव्वादोन सेंमी मागे राहते. ३३ ला जेमतेम पाऊण सेंमी. उड्या मारायच्या, नेम धरायच्या गेमचंही असंच.

लातूरची_मेघा
भाऊ म्हणतो, Game मोड लावूनही रेघ मागनंच येऊलालंय.

टीव्ही_दुरुस्ती_संभाजीनगर
लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर काढून बघू दे. तिथंही मागे राहत असेल तर Krita च्या ब्रशचं Stabilizer चालू असेल. थरथर काढायला तो मुद्दाम रेघ मागे ठेवतो. बंद करूनही राहिलं तर मात्र दुसरं कारण शोधावं लागेल.

परभणीचे_काका
म्हणजे मॉनिटर नकोच. पैसे वाचले की.

नांदेडी_गेमर
Game मोडवर भागवू नको, १४४ च घे.

लातूरची_मेघा
Stabilizer चालूच होतं, बंद केल्यावर बरंच सुधारलं, पण तो अजून कुरकुरतोय. तरीही मी मॉनिटर घेतेय, साधा ६० हर्ट्झचा, २२ इंची, वापरलेला. सातला बाबा बातम्या लावतात, मग मालिका, आणि माझा सराव नेमका त्याच वेळी असतो. लॅगवर उपाय सापडला, टीव्ही काही मोकळा मिळत नाही.

टीव्ही_दुरुस्ती_संभाजीनगर
मग लॅपटॉप आणि केबल घेऊनच दुकानात जा. पैसे द्यायच्या आधी स्टॉपवॉचचा फोटो तिथंच काढा. फरक एक-दोन चित्रांपेक्षा जास्त दिसला तर तो मॉनिटर तिथंच ठेवा.