शिल्लक प्रमाणपत्र आणि 28 दिवसांचा नियम

«मुलीच्या ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या बँक शाखेने शिल्लक प्रमाणपत्र दिले आहे, खाते माझ्या नावावर आहे. एवढे पुरेल का?»

केवळ एका दिवसाची शिल्लक दाखवणारे प्रमाणपत्र पुरत नाही, कारण आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात होती, हे कागदावरून दिसावे लागते. समजा, रक्कम 1 जूनला जमा झाली, पण 12 जूनला शुल्क भरल्यामुळे शिल्लक आवश्यक रकमेखाली गेली आणि 13 जूनला पूर्ववत झाली, तर मोजणी 13 जूनपासून नव्याने सुरू होऊन 10 जुलैला पूर्ण होते. मधली सरासरी कितीही चांगली असली तरी ती ग्राह्य धरली जात नाही. त्यामुळे शाखेकडून बँकेच्या लेटरहेडवर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, पत्राची तारीख, शिल्लक आणि ती सलग 28 दिवस आवश्यक रकमेखाली गेली नाही असा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा, अथवा त्या काळाचे स्टेटमेंट सोबत जोडावे. अर्ज शेवटच्या शिलकेच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत करावा.

खाते आपले असल्याने मुलीचा जन्मदाखला आणि आपले सहीचे संमतीपत्रही लागेल. दाखला गुजरातीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे.