मदत हवी आहे: दोन्ही ग्रेन लाल, मग मध्ये 38 अंशांची बाउंड्री कशी?

पट्टीवाला: नमस्कार मंडळी. भरपूर कोल्ड रोल करून ॲनील केलेल्या तांब्याच्या पट्टीचा ईबीएसडी मॅप काढलाय. रोलिंगच्या पृष्ठभागावर, स्टेप 0.5 मायक्रॉन. IPF Z मध्ये बहुतेक सगळं लाल आणि मधून मधून सरळ कडांचे निळसर-हिरवे पट्टे. म्हणजे क्यूब टेक्श्चर, असं धरून चाललो होतो. पण शेजारच्या दोन लाल ग्रेनमध्ये जाड रेघ आहे आणि तिथे मिसओरिएंटेशन 38 अंश दाखवतंय. रंग एकच, मग एवढा फरक कुठून आला?

जुना_कागद: इंडेक्सिंगची गडबड. क्लीनअप मारा, जाईल.

रेघोट्या: क्लीनअपने सुटे चुकीचे पिक्सेल जातात, ते खरंय. पण बाउंड्रीच्या दोन्ही बाजूंना ग्रेन एकसंध असतील, तर ती रेघ खरी आहे. पट्टीवाले, IPF Z चा लाल एवढंच सांगतो की पृष्ठभागाला लंब दिशेत क्रिस्टलची <001> आहे. त्या अक्षाभोवती ग्रेन कितीही फिरला तरी रंग तोच. घनाच्या सममितीमुळे असा फरक जास्तीत जास्त 45 अंश दिसतो, तुमचे 38 त्यात बसतात. आता IPF X लावून बघा. एक ग्रेन लाल राहिला आणि दुसरा हिरवट झाला, तर पहिला क्यूब आणि दुसरा <110> च्या जवळ, म्हणजे रोटेटेड क्यूबकडे झुकलेला. निव्वळ Z बघून टेक्श्चरचं नाव देऊ नका, पोल फिगर काढा.

वेल्डर_पुणे: मध्येच घुसतो. माझ्या निकेल मिश्रधातूत मिसओरिएंटेशनच्या आलेखात 60 अंशांवर सुळका येतोय. हाही नॉइज का?

रेघोट्या: नाही हो, ते ॲनीलिंग ट्विन. <111> भोवती 60 अंश. नॉइज साधारण 2 अंशांच्या आसपास गर्दी करतो. पट्टीवाल्यांचे निळसर-हिरवे पट्टेही बहुधा ट्विनच: क्यूब ग्रेनच्या ट्विनमध्ये लंब दिशेला <122> येते आणि तिचा रंग साधारण असाच. ग्रेन साइझ काढताना ट्विन वगळले की नाही, हे मात्र लिहा. आकडा बराच बदलतो.

पट्टीवाला: IPF X बघितला. डावा लाल, उजवा हिरवट! पण X म्हणजे खरंच रोलिंगची दिशा का, हे कसं कळणार? पॉलिशमध्ये रोलिंगच्या खुणा गेल्यात.

रेघोट्या: क्यूबवरून 90 अंशांची चूक कधीच कळणार नाही, घन पाव फेरा फिरवला तरी तसाच दिसतो. थोडं तिरकं बसलं असेल, तर पोल फिगरचे ठिपके अक्षांवरून सरकलेले दिसतील. गॉससारखे इतर घटक असतील तर 90 ची चूकही पकडता येईल. तुमच्या मॅपात ते आहेत का?

पट्टीवाला: तुरळक. त्या चार-दोन ग्रेनवर विसंबणं पटत नाही. सँपल ज्याने कापलं त्याला विचारतो.

जुना_कागद: आणि एका छोट्या मॅपवरून सबंध पट्टीचं टेक्श्चर सांगू नका, एक्सआरडी करा.