‘नॉर्मल मोड’ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरची विद्यार्थिनी

मी बेळगावात बीएस्सी करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आता सगळं इंग्रजीत आहे, आणि अडलं की सर कन्नडमधून समजावतात. मागच्या आठवड्यात दोन गाड्या आणि तीन स्प्रिंगांचं गणित झालं. डावीकडे भिंत, मग स्प्रिंग, गाडी, स्प्रिंग, गाडी, स्प्रिंग आणि उजवीकडे पुन्हा भिंत. गणित मला सुटलं. गावाकडच्या दोन मैत्रिणींसाठी मराठीत टिपणं काढतेय, तिथे ‘नॉर्मल मोड’ या शब्दावर अडले. संख्याशास्त्राच्या पुस्तकात मोडला ‘बहुलक’ दिलंय, म्हणून मी ‘सामान्य बहुलक’ लिहिलं. मैत्रीण म्हणाली, यात ‘बहु’ काय आहे? मला सांगता आलं नाही.

निपाणीकर

बहुलक खोडून टाका. बहुलक म्हणजे आकड्यांच्या यादीत सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, त्याचा इथे संबंध नाही. नुसतं ‘मोड’ लिहिलं तर मटकीचे मोड नाहीतर सुट्टे पैसे आठवतात. इथे मोड म्हणजे हलण्याची रीत. ‘सामान्य रीत’ लिहा की, म्हणजे गाड्या सामान्यपणे जशा हलतात तशी. अशा रीती दोन. एकीत दोन्ही गाड्या एकाच दिशेला जातात, दुसरीत एकमेकींच्या उलट. दुसरीत मधली स्प्रिंगपण कामाला लागते, म्हणजे एका गाडीमागे एकाऐवजी दोन स्प्रिंगा. म्हणून वारंवारता √2 पट.

खानापूरची विद्यार्थिनी

दादा, मला √3 पट आली. तिन्ही स्प्रिंगा सारख्या आणि दोन्ही गाड्या सारख्या धरून.

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

√3 बरोबर आहे. निपाणीकरांनी वाट बरोबर धरली, फक्त एक गोष्ट मोजायची राहिली. आकडे घेऊन बघू. प्रत्येक गाडी 200 ग्रॅमची आणि प्रत्येक स्प्रिंग 5 न्यूटन प्रति मीटरची धरा.

दोन्ही गाड्या 2 सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. मधली स्प्रिंग जशीच्या तशी उचलून बाजूला नेल्यासारखी होते, तिची लांबी बदलत नाही. म्हणून प्रत्येक गाडीला फक्त तिच्या भिंतीकडची स्प्रिंग परत ओढते किंवा ढकलते, बळ 0.1 न्यूटन.

आता दोन्ही गाड्या 2-2 सेंटिमीटर आतल्या बाजूला सरकवा. भिंतीकडची स्प्रिंग पूर्वीसारखीच 0.1 न्यूटन देते. मधली स्प्रिंग मात्र दोन्ही टोकांनी दाबली गेली, ती 4 सेंटिमीटरनी आखूड झाली, म्हणजे तिचं बळ 0.2 न्यूटन. एकूण 0.3. सरकणं तेवढंच आणि बळ तिप्पट, म्हणून ω² तिप्पट. मधली स्प्रिंग एकच असली तरी ती दोन स्प्रिंगांइतकी मोजावी लागते. दुसऱ्या तऱ्हेनेही हे दिसतं. या रीतीत मधल्या स्प्रिंगचा मध्यबिंदू हलतच नाही. तो चिमटीत धरून ठेवला तरी दोलनात काही फरक पडणार नाही. मग प्रत्येक गाडीच्या वाट्याला अर्धी स्प्रिंग येते, आणि अर्धी स्प्रिंग दुप्पट ताठ असते.

```
ω1 = √(k/m)  = √(5/0.2)  = 5 rad/s
ω2 = √(3k/m) = √(15/0.2) = 8.66 rad/s
```

घड्याळ लावलंत तर पहिल्या रीतीची 20 दोलनं सुमारे 25.1 सेकंदांत होतील, दुसरीची 14.5 सेकंदांत.

शब्दाबद्दल सांगायचं तर ‘रीत’ मला आवडला. ‘सामान्य’ला मात्र माझा विरोध आहे. एकच गाडी ओढून सोडून द्या. सामान्यपणे सगळे हेच करतात, आणि तेव्हा जे दिसतं ती यांतली एकही रीत नसते.

खानापूरची विद्यार्थिनी

सर, प्रात्यक्षिकाच्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं! उजवी गाडी हाताने धरून ठेवली, डावी ओढली आणि दोन्ही एकदम सोडल्या. डावी कधी लांब जायची, कधी जागच्या जागी थरथरायची. 20 दोलनांचा वेळ तीनदा मोजला आणि तीन वेगळे आकडे आले. घड्याळ नीट दाबता येत नाही म्हणून बोलणी खाल्ली.

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

चूक घड्याळाची नव्हती. तुम्ही दोन्ही रीती एकाच वेळी सुरू केल्या होत्या. डावी गाडी 4 सेंटिमीटर आणि उजवी शून्य, याचा अर्थ दोन्ही गाड्या 2 सेंटिमीटर एका दिशेला, अधिक डावी 2 सेंटिमीटर आणि उजवी उणे 2 सेंटिमीटर. दोघींची बेरीज करून बघा.

```
x1 = 2 cos(5t) + 2 cos(8.66t)
x2 = 2 cos(5t) − 2 cos(8.66t)
```

यात ‘एक दोलन’ असं ठरवून मोजण्यासारखं काही उरत नाही. दोन वारंवारतांचं गुणोत्तर √3, ते अपूर्णांकात बसत नाही, त्यामुळे सुरुवातीची स्थिती हुबेहूब पुन्हा येतच नाही.

शुद्ध रीत चालू आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही गाड्या आपापल्या विश्रांतीच्या जागेवरून एकाच क्षणी जातात का, ते बघा. जात असतील आणि दोघींच्या सरकण्याचं गुणोत्तर शेवटपर्यंत तेच राहत असेल, तर ती शुद्ध रीत. एक गाडी मध्यावर असताना दुसरी टोकाला दिसली की समजा भेसळ झाली.

उद्यमबागेतला कारागीर

आमच्या लेथवर लांब बारीक शाफ्ट लावला की ठरावीक फेऱ्यांना थरथर सुटते, कामावर लाटा उमटतात. फेरे कमीजास्त केले की थांबते. तुम्ही म्हणताय ती हीच रीत काय? मग कुठले फेरे टाळायचे ते या गणितातून काढता येईल?

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

तुमचा प्रश्न शेजारचा आहे. इथे गाड्या सोडून दिल्यावर त्या आपणहून कशा हलतात ते विचारलंय. बाहेरून ठेक्यात ढकलत राहिलं तर काय होतं, ही पुढची पायरी. पण नातं आहे. या गाड्यांना फिरत्या चाकाने ढकललं तर मिनिटाला 48 फेऱ्यांच्या आसपास पहिली रीत फुगेल आणि 83 च्या आसपास दुसरी. तुमच्या शाफ्टला अशा पुष्कळ रीती असतात. शिवाय कापताना हत्यार स्वतःच थरथर वाढवू शकतं, ते या साध्या गणितात येत नाही. त्यामुळे यावरून लेथचे फेरे ठरवू नका.

चिकोडीचा सुताराचा मुलगा

सामान्य नाही तर मग ‘नॉर्मल’चा अर्थ काय सर? आम्हाला वर्गात ‘पृष्ठभागाला नॉर्मल’ म्हणजे लंब असं शिकवलं. तोच शब्द काय?

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

तोच. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार.

चिकोडीचा सुताराचा मुलगा

म्हणजे गुण्या! आमच्या घरात भिंतीला टांगलेला असतोय. पण गाड्या एकाच रुळावर, एकाच रेषेत पळतात. त्यात काटकोन कुठला?

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

रुळावर शोधू नका. आलेखाचा कागद घ्या. डावी गाडी किती सरकली ते आडव्या अक्षावर, उजवी किती ते उभ्या अक्षावर. दोन्ही गाड्यांची मिळून एका क्षणाची स्थिती म्हणजे कागदावर एक ठिपका. पहिल्या रीतीत दोन्ही सारख्या सरकतात, म्हणून ठिपका 45 अंशांच्या चढत्या रेषेवर येरझारा घालतो. दुसऱ्या रीतीत तेवढ्याच उतरत्या रेषेवर. दोन्ही रेषांमध्ये गुण्या लावा, बरोबर बसेल. खानापूरच्या ताईंनी एकच गाडी ओढली तेव्हा ठिपका कुठल्याच रेषेवर राहिला नाही, एका तिरक्या चौकोनात वेलांट्या काढत फिरला.

म्हणून मी म्हणतो, ‘लंब रीत’ लिहा.

खानापूरची विद्यार्थिनी

सर, मी रात्री उजवी गाडी 400 ग्रॅमची करून बघितली, बाकी सगळं तेच. λ = mω²/k धरलं, m डाव्या गाडीचं:

```
(2 − λ)(2 − 2λ) = 1
λ = 0.634 किंवा 2.366
x2/x1 = 2 − λ = 1.366 किंवा −0.366
```

म्हणजे हळू रीतीत जड गाडी हलकीपेक्षा जास्त लांब जाते, वेगवान रीतीत ती थोडीशीच हलते आणि हलकी जास्त पळते. वारंवारता 3.98 आणि 7.69 आल्या. पण आलेखावर रेषा काढल्या तर एक 54 अंशांवर चढते, दुसरी 20 अंशांनी उतरते. मधला कोन 74 अंश! गुण्या बसत नाही. माझं काही चुकलं का?

निपाणीकर

मग ‘लंब’ पण खोटाच की! यापेक्षा ‘प्रसामान्य रीत’ बरी, ‘नॉर्मल’ला तो शब्द छापलेला तरी असतो.

शहापूरचा निवृत्त प्राध्यापक

ताई, तुमचं गणित चोख आहे. कागदच बदलायला हवा. गाड्या असमान असल्या की दोन्ही अक्षांवर सेंटिमीटर सारख्याच मापाने मांडून चालत नाही. 400 ग्रॅमच्या गाडीचा एक सेंटिमीटर जास्त मोलाचा असतो, कारण त्याच वेगाला तिची गतिज ऊर्जा दुप्पट. म्हणून उभा अक्ष √2 पट ताणा. चढ 1.366 चा 1.932 होतो, उतार 0.366 चा 0.518. त्यांचा गुणाकार 1. एक चढती, एक उतरती, गुणाकार 1, म्हणजे काटकोन. सारख्या गाड्यांत हे ताणणं लागत नव्हतं, म्हणून लक्षात आलं नाही. मी ते आधीच सांगायला हवं होतं.

‘प्रसामान्य’ छापलेला असतो हे खरं. पण तो वाचून मुलांना काटकोन आठवत नाही, आणि कोशात ‘सामान्य’च्या शेजारी बसल्याने पुन्हा तोच गोंधळ होतो.

चिकोडीचा सुताराचा मुलगा

ताणलेल्या कागदावरचा काटकोन म्हणजे गुण्याच वेगळा लागला. बाबांना हे सांगून बघतो.

निपाणीकर

√2 ची चूक मान्य, मधली स्प्रिंग दोनदा मोजायची हे पटलं. पण शब्दाचं अजून पटलेलं नाही. ‘लंब रीत’ ऐकून पोरगं गाडीच आडवी हलवायला जाईल.

खानापूरची विद्यार्थिनी

ती भीती मलाही आहे. तूर्त टिपणात ‘स्वतंत्र रीत’ असं लिहिलंय, कारण एक रीत चालू असताना दुसरी आपोआप सुरू होत नाही, हे मैत्रिणीला लगेच कळलं. शेजारी नॉर्मल हा शब्द ठेवलाय आणि आलेखाच्या दोन रेषा काढल्यात. आता ती विचारतेय, गाड्यांच्या चाकांना घर्षण असलं तरी त्या स्वतंत्रच राहतात का? दोन्ही गाड्या सारख्या आणि घर्षण वेगाच्या प्रमाणात, दोघींना सारखंच, असं धरलं तर राहतात, एवढं मला करून दाखवता आलं. एकीच्याच चाकाला घर्षण असलं तर मात्र मी अडकलेय.